रशियन ‘तस्का’ला मराठीत काय म्हणावं?
प्रश्न: रशियन ‘तस्का’ या शब्दाला एकच नेमका मराठी शब्द आहे का? भाषांतरकार काय करतात?

एकच शब्द नाही. ‘तस्का’त खोल व्यथा, कशाची तरी ओढ, विनाकारण बेचैनी असं सारं येतं, म्हणून प्रसंग बघून शब्द निवडावा लागतो. सर्वात जवळची ‘हुरहूर’, पण ती सगळीकडे पुरत नाही.

रशियन लेखक चेखवच्या १८८६ सालच्या एका कथेचं नावच ‘तस्का’ आहे. योना या म्हाताऱ्या घोडागाडीवाल्याचा मुलगा नुकताच वारलाय. बर्फात गाडी हाकताना तो प्रवाशांना ते सांगू पाहतो, पण कोणी ऐकून घेत नाही. शेवटी तो आपल्या घोडीलाच सारं सांगतो. छाती फुटून त्याची तस्का बाहेर वाहिली तर सारं जग बुडेल, असं चेखव लिहितो. इथे ‘हुरहूर’ फारच हलकी पडते. इंग्रजीत भाषांतरकार कॉन्स्टन्स गार्नेटने कथेला ‘मिझरी’ म्हटलं, इतरत्र ‘हार्टेक’ही दिसतं. ‘मिझरी’त दैन्य येतं, पण कुणाला तरी सांगण्याची तगमग निसटते. मी इथे ‘काळीज पिळवटणारी व्यथा’ म्हणेन.

‘तस्का पो रोदिने’ म्हणजे मायदेशाची ओढ. तिथे ‘ओढ’ चपखल बसते, कारण ओढ कशाची तरी असते. काहीच कारण नसलेल्या तस्कासाठी मात्र ‘हुरहूर’च बरी.

एका बाबतीत मराठीला इंग्रजीपेक्षा सोपं जातं. रशियन माणूस ‘म्न्ये तस्कलीवा’ म्हणतो, त्यातलं ‘म्न्ये’ म्हणजे ‘मला’. आपणही ‘मला हुरहूर लागलीय’ म्हणतो. भावना माणसाकडे चालून येते, ती तो करत नाही. हे वळण भाषांतरात जरूर जपा.