नंबर माझा, बटण भाऊजींकडे

*ताई, आम्ही नेरुळला राहतो. भाऊजी, जाऊबाई, पुतण्या आणि मी असे चार नंबर एकाच फॅमिली प्लॅनवर आहेत. मुख्य कनेक्शन भाऊजींचं. मिस्टर कंपनीच्या नंबरवर. मी दर महिन्याला ४१३ रुपये भाऊजींना यूपीआय करते. गेल्या महिन्यात त्यांनी ५९० मागितले आणि घरच्या ग्रुपवर सगळ्यांदेखत लिहिलं, "वहिनींचा डेटा फार जातो." आता माझ्या नंबरला १० जीबीची मर्यादा घातलीय. नोकरीला रोज ठाण्याला जाते, २० तारखेलाच नेट रांगायला लागतं. नऊ वर्षांचा नंबर आहे, बँकेत दिलेला. वेगळं व्हायचंय, पण भांडण नको.*

तुमच्या दोन आकड्यांनीच मला बरंच सांगितलं. ४१३ गुणिले चार म्हणजे १,६५२. त्यातला १८ टक्के जीएसटी काढला की प्लॅनचं भाडं निघतं १,४०० रुपये. ५९० चे होतात २,३६०, म्हणजे करापूर्वी २,०००. प्लॅनचं भाडं वाढलेलं नसेल, तर वरचे ६०० बहुधा कुठल्या तरी एका नंबरवर चढलेत: परदेशी कॉल असेल, रोमिंग असेल, नाहीतर जादा डेटाचा पॅक. ते चौघांत वाटायचे नसतात, ज्याचे त्याने द्यायचे. बिलाच्या पीडीएफमध्ये प्रत्येक नंबरचा खर्च आणि वापर वेगळा दिलेला असतो. बिल मुख्य कनेक्शनच्या नावे निघतं, त्यामुळे ती पीडीएफ भाऊजींकडेच मागावी लागेल. ग्रुपवर नको. रविवारी चहाच्या वेळी, मिस्टरांना शेजारी बसवून विचारा, "भाऊजी, गेल्या महिन्याची पीडीएफ पाठवता का? मला माझा वापर बघायचाय." (मिस्टरांचा नंबर कंपनीचा असला तरी बायको त्यांचीच आहे.)

तोवर स्वतःचा हिशोब घाला. ठाण्याची गाडी अर्धा तास जायला, अर्धा तास यायला. साध्या दर्जाचा व्हिडिओ तासाला साधारण पाऊण जीबी खातो, चोवीस दिवसांचे झाले १८ जीबी. मालिका रोज बघत असाल तर १० पुरणारच नाहीत. रात्री घरच्या वायफायवर डाउनलोड केलीत तर आरामात पुरतील. पण पुतण्या वायफाय सोडून मोबाइलवर एचडीमध्ये रोज दोन तास मॅच बघत असेल, तर तासाला दीड जीबी धरूनही त्याचे महिन्याला ९० होतात. अशा ठिकाणी तुमचे १८ कुठे दिसणार?

एक चूक मात्र सगळेच करतात. फोनमधला डेटा मीटर बहुतेक वेळा १ तारखेला शून्यावर येतो आणि बिलाचा महिना भलत्याच तारखेला सुरू होतो. पीडीएफवर बिलाचा कालावधी बघा आणि फोनच्या सेटिंगमध्ये तीच तारीख घाला. नाहीतर तुमचा आकडा आणि भाऊजींचा आकडा कधी जुळणारच नाही, आणि दोघेही आपापल्या जागी खरे ठराल.

मला खरी काळजी डेटाची नाही. तो नंबर कागदावर कुणाचा आहे? sancharsaathi.gov.in वर आपल्या नावावरची मोबाइल कनेक्शन दाखवणारी सोय आहे. तुमच्या नंबरवर ओटीपी घेऊन बघा, तिथे कुणाच्या नावाची नोंद आहे ते कंपनीच्या दुकानातही विचारून घ्या. ॲड-ऑन घेताना घाईत सगळी सिम एकाच्याच आधारवर काढलेली असतात. तसं निघालं, तर तुमच्या बँकेचे ओटीपी ज्या नंबरवर येतात तो कागदोपत्री भाऊजींचा. ते वाईट वागतील असं मी म्हणत नाही, पण एखादं बिल थकलं तरी तुमचंही कनेक्शन बंद पडू शकतं.

म्हणून आधी नाव, मग पोर्ट. हा क्रम उलटवू नका, कारण नाव बदलण्याचा अर्ज चालू असताना पोर्टिंगचा कोड मिळत नाही. नावबदलाला भाऊजींची संमती आणि तुमची केवायसी लागते, तेव्हा दोघांनी मिळून दुकानात जा. त्याच खेपेला विचारा, की नाव बदलल्यावर नंबर याच प्लॅनमध्ये राहू शकतो का. राहत असेल आणि पीडीएफ बघून भाऊजी निवळले असतील, तर ४१३ रुपये काही महाग नाहीत, राहा.

निघायचंच ठरलं, तर आधी निघालेलं बिल पूर्ण भरलंय ना, ते बघा. मग तुमच्याच फोनवरून 1900 ला हा मेसेज पाठवा, पुढे तुमचा दहा आकडी नंबर घालून:

```
PORT 98XXXXXXXX
```

येणारा कोड चारच दिवस चालतो, म्हणून नवीन कंपनीचं दुकान आधी ठरवून ठेवा. आणि शेवटच्या थोड्या दिवसांचं बिल भाऊजींच्याच बिलात येईल. ते थकलं तर जुनी कंपनी तुमचा पोर्ट झालेला नंबरही बंद करायला लावू शकते. पीडीएफ आली की त्याच संध्याकाळी यूपीआय करा आणि पावतीचा फोटो भाऊजींना पाठवा. एकट्या भाऊजींना, ग्रुपवर नाही.