शिफारसपत्र: टिपणापासून पत्रापर्यंत

प्रश्न: माझी बारावीची विद्यार्थिनी परदेशात पर्यावरणशास्त्रासाठी अर्ज करतेय. पत्र मी मराठीत लिहून देणार, मग त्याचं इंग्रजी करून घ्यायचं आहे. माझं टिपण असं: "हुशार, मेहनती. माझ्या विषयात पहिली. विहिरींचा प्रोजेक्ट छान, कठड्याची चूक स्वतः पकडली. गटात सगळं स्वतःच करते. कधी उशीर – कदंब बस. घरची परिस्थिती बेताची." याचं पत्र कसं करू?
— भूगोलाच्या शिक्षिका, वाळपई

टीचर, सगळ्या टिपणात वजनदार आहेत ते "कठड्याची चूक" हे दोनच शब्द, आणि नेमके तेच तुम्ही घाईत टाकून पुढे गेलात. फोनवर खोदून विचारलं तेव्हा खरी हकीकत बाहेर आली. पत्रात ती अशी लिहा:

"अकरावीत तिच्या चौघांच्या गटाने गावातल्या ६ विहिरींची पाण्याची पातळी जानेवारी ते एप्रिल दर रविवारी दोरीला दगड बांधून मोजली. मार्चमध्ये पाऊस नसताना एका विहिरीचं पाणी आठवड्यात ३ फूट वर आल्याची नोंद झाली. ही नोंद माझ्याकडे आणण्याआधी या विद्यार्थिनीने विहिरीवर जाऊन पुन्हा माप घेतलं. गटातल्या एका मुलाने त्या रविवारी कठड्याऐवजी जमिनीपासून मोजलं होतं. तिने चुकीचा आकडा खोडरबरने पुसला नाही. त्यावर एक रेघ मारली, शेजारी दुरुस्त आकडा लिहिला आणि कारणही लिहिलं."

एवढं वाचल्यावर "हुशार" आणि "मेहनती" लिहायची गरजच उरत नाही. तुमच्या प्रत्येक विशेषणाला हाच एक प्रश्न विचारा: हे मी केव्हा पाहिलं? प्रसंग आठवला तर तो लिहा. नाही आठवला तर विशेषण गाळा. दुसऱ्या मुलाचा प्रसंग हिच्या नावावर चिकटवू नका. दोन प्रसंग पुरतात, तिसरा घातला की पत्र पानाबाहेर जातं.

"माझ्या विषयात पहिली" याला चौकट हवी. किती जणांत पहिली, आणि तुम्ही तिला किती काळ शिकवलंत? "४२ जणांच्या वर्गात, दोन्ही वर्षं" असं लिहिलं की परक्या देशातल्या वाचकाला अंदाज येतो. बोर्डाचे गुण मात्र पत्रात पुन्हा उतरवू नका, ते गुणपत्रिकेत असतातच.

आता "गटात सगळं स्वतःच करते". हे टाळू नका, पण आरोपासारखंही लिहू नका. आधी वागणं, मग तुम्ही काय सांगितलंत, मग काय बदललं, आणि काय अजून बाकी आहे:

"सुरुवातीला ती सोबत्यांचं काम स्वतःच पुन्हा लिहून काढायची. मी तिला हे दाखवून दिल्यावर बारावीत तिने प्रत्येकाकडे २ विहिरींचा तक्ता सोपवला आणि स्वतः फक्त तपासणी केली. काम दुसऱ्यावर सोडताना ती अजूनही अस्वस्थ असते."

शेवटचं वाक्य गाळायचा मोह होईल, पण ते राहू द्या. दोष पूर्ण गेला असं लिहिलेलं पत्र अनुभवी वाचकाला बनवलेलं वाटतं.

उशिराचं काय? तो कदंबच्या वेळेमुळे होत असेल आणि अभ्यासावर परिणाम नसेल तर त्याचा उल्लेखच नको. घरच्या परिस्थितीबद्दल लिहायचं असेल तर आधी तिला विचारा. ती तिची गोष्ट आहे. तिने हो म्हटलं तरी अभ्यासाशी संबंध असेल तेवढंच लिहा.

क्रम साधा ठेवा: तुम्ही कोण आणि तिला कशी ओळखता, विहिरींचा प्रसंग, गटकामाची मर्यादा आणि बदल, आणि शेवटी एकाच वाक्यात स्पष्ट शिफारस. टाइप केलेलं एक पान पुरे.

प्रश्न: मुलाच्या पत्रात सरांनी "वर्गात बोलायला मागे" असं लिहिलंय म्हणे. ते काढायला सांगू का?
— एक पालक, डिचोली

नको. बऱ्याच संस्था शिक्षकाचं पत्र थेट शिक्षकाकडून मागवतात, ते तुम्ही वाचावं अशी त्यांची अपेक्षाच नसते. सरांना भेटून मुलाच्या बाजूचा एखादा प्रसंग तेवढा आठवून द्या. उदाहरणार्थ, तो वर्गात गप्प असतो पण तास संपल्यावर मुद्देसूद प्रश्न लिहून आणतो, असं असेल तर त्या वाक्याचा सूरच बदलेल. निर्णय मात्र सरांचा.

प्रश्न: मी मराठीचा शिक्षक, लिहिताना भाषा जरा सजतेच. भाषांतरकार म्हणाले, "सर, आधी हे सुटसुटीत करा." म्हणजे नेमकं काय करू? आणि विद्यार्थ्याच्या मामांचं इंग्रजी उत्तम आहे, त्यांना दिलं तर?
— पेडणे

मामांना देऊ नका, आणि विद्यार्थ्याला तर नाहीच. मजकूर कितीही प्रामाणिक असला तरी नातेवाइकाच्या हातून गेल्यावर त्याचं वजन कमी होतं. संस्थेला प्रमाणित भाषांतर लागतं का, ते अर्जाच्या सूचनांत आधी पाहा. लागत असेल तर भाषांतरकाराच्या सहीचं प्रमाणपत्र भाषांतराला जोडा. तुमची सही आणि शाळेचा शिक्का मूळ मराठी पत्रावर, आणि मूळ पत्राची प्रत भाषांतरासोबत.

सुटसुटीत करायचं म्हणजे एका वाक्यात एकच गोष्ट सांगायची. "ज्याने... त्याने... म्हणून..." अशी लांब साखळी तोडा. तुमच्या पत्रात विद्यार्थी, मुख्याध्यापक आणि घुमटवादनाचे गुरुजी एकाच परिच्छेदात आहेत आणि तिघांनाही "त्यांनी" आहे. बक्षीस कोणाला मिळालं ते मलाही दोनदा वाचून कळलं. तिथे सर्वनामाऐवजी "विद्यार्थ्याने", "गुरुजींनी" असं सरळ लिहा.

घुमट आरती, दिंडी, काला हे शब्द काढू नका, तेच तर पत्राला जिवंत करतात. पहिल्यांदा येतील तिथे अर्ध्या ओळीत ओळख द्या: "घुमट, म्हणजे तोंडावर कातडं ताणलेलं मातीचं वाद्य". हे तुम्हीच लिहिलंत तर भाषांतरकाराला अंदाज बांधावा लागत नाही. "सरस्वतीचा वरदहस्त" वगैरे मात्र निरोप समारंभासाठी ठेवा.

सोबत एक वेगळी चिठ्ठी द्या: विद्यार्थ्याचं नाव पासपोर्टवरच्या स्पेलिंगप्रमाणे, शाळेचं अधिकृत इंग्रजी नाव, तुमचं पद, आणि तारखा महिन्याच्या नावासह. भाषांतर हाती आल्यावर नावं आणि आकडे तपासा. शिवाय मर्यादेचं वाक्य ताडून पाहा. मराठीतला सौम्य "जरा" किंवा "अजून" भाषांतरात गळतो आणि साधी सूचना ठपक्यासारखी वाचली जाते.

प्रश्न: विद्यार्थी पत्र स्वतःच लिहून आणतात, "सर, फक्त सही." करावी का?
— फोंडा

करू नये. त्यांच्याकडून मजकूर नको, माहिती मागा: कोणता अभ्यासक्रम, शेवटची तारीख, आणि तुमच्या वर्गात केलेल्या दोन कामांच्या वह्या. वही समोर असली की तुमचे स्वतःचे लाल शेरेच प्रसंग आठवून देतात.