ऑफिस सोडतानाचा निरोप

इंग्रजी मेसेजवरून तू उतरवलंयस: ‘आज माझा शेवटचा दिवस आहे. तुमच्यासोबत काम करणे हा माझा आनंद होता. कृपया संपर्कात राहा.’ पहिलं वाक्य आधी बदल, मराठीत ते अभद्र वाटतं. ‘आज माझा ऑफिसातला शेवटचा दिवस’ म्हण. दुसऱ्यात ‘आनंद’ हे नाम वाक्याचा भार वाहतंय, म्हणून ते ताठ झालंय. क्रियापदाला काम दे: ‘तुमच्याबरोबर काम करताना मजा आली, खूप शिकायला मिळालं.’ साहेबांसमोर मात्र ‘मजा’ गाळ, ‘शिकायला मिळालं’ पुरेसं आहे. ‘कृपया’ तर पाटीवरचा शब्द, बोलताना ‘फोन करत राहा, भेटू अधूनमधून’ म्हणतात. आणि निघताना ‘जातो’ नको, ‘येतो’ म्हण.