लॉग उलटा वाचला की कळतो: अकरावीच्या शंका

प्रश्न: लॉग म्हणजे नेमकं काय, हेच कळलेलं नाही. फळ्यावर log दिसला की पोटात गोळा येतो.

2⁵ = 32 हे तुला सातवीपासून येतं. यात तीन संख्या आहेत: पाया 2, घातांक 5 आणि किंमत 32. पाया आणि घातांक दिले असतील तर आपण किंमत काढतो. पाया आणि किंमत देऊन घातांक विचारला, तर त्या प्रश्नाचं नाव लॉग. म्हणून log₂32 दिसलं की मोठ्यानं वाच, "2 चा कितवा घात 32 होतो?" उत्तर 5. असंच log₁₀1000 = 3 आणि log₅(1/25) = −2.

अडतं ते log₁₀50 पाशी. 10¹ = 10 आणि 10² = 100, म्हणजे उत्तर 1 आणि 2 च्या मध्ये कुठेतरी आहे. टेबलात बघण्याआधी एवढं ठरवायचंच. टेबल सांगतं 1.6990. घातांक अपूर्णांकात कसा, असं वाटत असेल तर √10 आठव. ते 10 चा अर्धा घात आहे, किंमत साधारण 3.162, म्हणून log₁₀3.162 जवळपास 0.5. वर्गमूळ अपूर्णांक घातांकात लिहिणं जमत नसेल, तर आधी घातांकांचा धडा शिक्षकांकडून पुन्हा समजून घे. खरी अडचण तिथे आहे.

प्रश्न: log 0 का नसतो?

10 चा कोणताही घात घ्या, किंमत शून्याच्या वरच राहते. ऋण संख्येलाही हेच कारण.

प्रश्न: मित्र म्हणतो log(a + b) = log a + log b. बरोबर आहे का?

नाही. a आणि b दोन्ही 100 घे. डावीकडे log 200 म्हणजे 2.3010, उजवीकडे 2 + 2 = 4. घातांकांची बेरीज होते ती गुणाकारात, म्हणून log(ab) = log a + log b. मित्रानं सांगितलेलं सूत्र वहीत उतरवण्याआधी त्यात दोन संख्या घालून बघत जा.

प्रश्न: 0.02 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच मला 2.3010 आला. पुस्तकात 1.6990 आहे. टेबल तर बरोबर बघितलं होतं.

टेबल बरोबरच बघितलंस. चूक आकड्याच्या डोक्यावरच्या आडव्या रेघेत, म्हणजे बारमध्ये आहे, आणि हा प्रश्न दरवर्षी येतो, कारण बार कशासाठी असतो हे न सांगताच पुढे जातात.

जॉन नेपियरनं 1614 मध्ये लॉग मांडले, पण त्याचा पाया 10 नव्हता. हेन्री ब्रिग्जनं 10 पाया धरून 1617 मध्ये पहिली टेबलं छापली. सोय अशी झाली की संख्या दहापट झाली तर लॉग फक्त 1 नं वाढतो. log 2 = 0.3010, log 20 = 1.3010, log 200 = 2.3010. दशांश भाग, म्हणजे मँटिसा, तोच राहतो, म्हणून एकच टेबल पुरतं. आता खाली ये. 0.02 म्हणजे 2 × 10⁻², म्हणून लॉग −2 + 0.3010. हेच आपण 2̄.3010 असं लिहितो. ऋण फक्त बारखालचा 2 आहे, मँटिसा धनच आहे. तू ते −2.3010 असं वाचलंस. प्रत्यक्षात −2 + 0.3010 = −1.6990. पीएच म्हणजे लॉगची खूण बदललेली किंमत, म्हणून 1.6990.

ही चूक टेबलाशिवायही पकडता येते. 0.01 मोलरचा पीएच 2 असतो. तुझं आम्ल त्याहून तीव्र, म्हणजे पीएच 2 पेक्षा कमीच यायला हवा. 2.3010 दिसताच पेन थांबायला हवं होतं. बार आला की प्रत्येक वेळी −2 + 0.3010 अशी फोड करून एक ओळ लिही, मगच पुढे जा. भागाकारात बार आला तर आणखी गुंता होतो, तेव्हा अशी दोन-तीन सोडवलेली गणितं शिक्षकांना दाखव. लेखात वाचून ते हाताला बसणार नाही.

प्रश्न: एका क्लासची जाहिरात आली आहे, "टेबलाशिवाय लॉग, दोन तासांत". मुलीला पाठवू का?

थांबा. अशा ठिकाणी बहुधा log 2 आणि log 3 पाठ करून घेतात. त्यातून log 6, log 8, log 12 निघतात. Log 5 हा 1 − log 2 म्हणून तोही निघतो. पण log 7 त्यातून निघत नाही. आणि बोर्डाच्या परीक्षेत लॉग टेबल वापरता येतं, कॅलक्युलेटर नाही. टेबल वापरण्याचाच सराव हवा, आणि तो कॉलेजात फुकट होतो. पैसे भरण्याआधी तिच्या शिक्षकांशी बोला.

प्रश्न: हा धडा आत्ता सोडून बारावीच्या सुट्टीत केला तर चालेल का?

नाही. पीएच आणि अभिक्रियेचा वेग यांत लॉग त्याआधीच येतो. या आठवड्यात वही घेऊन शिक्षकांकडे जा.