प्रेमकथा म्हणून घेतली, निघाली शोककथा

तुमच्या कादंबरीबद्दल वाचकांनी केलेल्या तक्रारी पुन्हा नीट वाचा. तुमचं लेखन वाईट आहे असं कुणीच म्हणत नाहीये, 'फसवलं' म्हणताहेत. गुलाबी मुखपृष्ठ, त्यावर हसरं कार्टून जोडपं आणि खाली 'प्रेमकथा' हे शब्द. एवढं पाहून पुस्तक घेणारा गोड शेवटाच्या भरवशावर घेतो. तुमचा नायक मात्र मध्यावरच मरतो आणि पुढे सगळा नायिकेचा शोक.

नवे लेखक इथेच चुकतात. कथेत प्रेम आहे, म्हणून प्रेमकथा! पण रोमान्सच्या वाचकासाठी सुखान्त ही जवळजवळ अटच असते, जशी रहस्यकथेत उलगड्याची. सुखान्त नसेल तर मुखपृष्ठावर साधं 'कादंबरी' लिहा.

नायकाचा मृत्यू गुपित राहावा असं तुम्हाला वाटतं, ते मान्य. मग घटना लपवा, सूर लपवू नका. रंग शांत घ्या, जोडप्याऐवजी एकटी आकृती ठेवा, मलपृष्ठावर विरहाची चाहूल द्या.

नवं मुखपृष्ठ छापण्याआधी पुस्तक न वाचलेल्या चार-पाच जणांना नुसतं मुखपृष्ठ दाखवून विचारा, 'शेवट कसा असेल?' बहुतेकांनी 'लग्न' म्हटलं तर चित्र बदला. मित्रांना विचारू नका, ते 'छान आहे' म्हणतात.