वरच्या फ्लॅटमधून पाणी आलं, खर्च कोणाचा?

प्र. वरच्या फ्लॅटमधल्या गीझरचा कनेक्शन पाईप रात्री फुटला. आमच्या बेडरूमचं पीओपी सीलिंग, वॉर्डरोब आणि गादी खराब झाली. वरचे म्हणतात, तुमचा विमा आहे ना, तिथून घ्या. सेक्रेटरी म्हणतात, सोसायटीचाही विमा आहे. दावा नक्की कुठे करायचा? (मुलुंड)

पहिला दावा तुमच्या स्वतःच्या घरविम्यावर करा. तुमची पॉलिसी ‘भारत गृह रक्षा’ असेल, तर तिच्यात पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि पाईप फुटणं किंवा ओसंडून वाहणं हा धोका मूळ संरक्षणातच धरलेला असतो. सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांनी ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१पासून द्यायची आहे. फुटलेला पाईप तुमच्याच घरातला असायला हवा, अशी अट त्या कलमात नाही. सोसायटीची पॉलिसी बहुतेक ठिकाणी इमारत आणि सामाईक मालमत्तेसाठी असते. तुमच्या गादीचे किंवा कपाटाचे पैसे तिच्यातून मिळत नाहीत.

तुमच्या पॉलिसीत किती रकमेचं संरक्षण आहे, ते आधी पाहा. इमारतीची विमा रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, फ्लॅटच्या बाजारभावावर ठरत नाही. समजा कार्पेट एरिया ५५० चौरस फूट आहे आणि बांधकाम खर्च चौरस फुटाला ३,००० रुपये धरला आहे. इमारतीची विमा रक्कम १६.५ लाख होईल. घरातल्या सामानासाठी तिच्या २० टक्के, म्हणजे ३.३ लाख रुपये, आपोआप धरले जातात. सामानाच्या या आपोआप मिळणाऱ्या संरक्षणाची कमाल मर्यादा १० लाख आहे. गृहकर्जाबरोबर बँकेने विमा काढला असेल, तर त्याची प्रत मागवा. आपल्याकडे अशी पॉलिसी आहे हेच अनेकांना ठाऊक नसतं.

आता नुकसानीचा हिशेब करू. समजा सीलिंगला ४२,००० आणि भिंतीची पुट्टी-रंग यांना २८,००० रुपये लागणार आहेत. हे ७०,००० रुपये इमारतीच्या बाजूला जातात. गादी २२,००० रुपयांची आहे. नवा वॉर्डरोब ८५,००० रुपयांना पडेल, पण सुताराच्या मते दारं शाबूत आहेत, फक्त तळ आणि मागचा प्लाय फुगलाय आणि सांगाडा बदलायला ४८,००० लागतील. जी वस्तू दुरुस्त होते तिच्या दुरुस्तीचाच खर्च कंपनी देते. म्हणून दावा १,४०,००० रुपयांचा मांडा. ८५,००० लिहिलेत तर नुकसान तपासायला येणारा सर्वेअर ते कापेलच आणि बाकीच्या आकड्यांकडेही संशयाने पाहील. रंगाच्या बाबतीतही असंच होतं. भिजलेल्या भिंतीचा खर्च मान्य होतो, पण रंग जुळावा म्हणून सगळं घर रंगवलंत तर तो खर्च बहुधा मिळत नाही.

पाणी आलं त्या रात्री आधी मेन स्विच बंद करायचा असतो. पीओपीच्या पोटात पाणी साचून ते फुगलं असेल, तर खाली बादली ठेवून स्क्रू-ड्रायव्हरने एक लहान भोक पाडावं. पाणी एका जागेतून उतरतं आणि अख्खं सीलिंग अंगावर कोसळत नाही. मग ठिबकणाऱ्या पाण्याचा व्हिडिओ काढा आणि कंपनीला त्याच दिवशी कळवा. सर्वेअर येऊन जाईपर्यंत भिजलेली गादी किंवा प्लायचे तुकडे भंगारवाल्याला देऊ नका.

सगळ्यात मोलाचा पुरावा वरच्या घरात असतो, तो म्हणजे फुटलेला कनेक्शन पाईप. प्लंबर तो काढून टाकतो, दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातो आणि मग नक्की काय फुटलं हे सिद्ध करायला काहीच उरत नाही. वरच्यांना विनंती करून तो जपून ठेवायला सांगा, त्याचा फोटो घ्या आणि प्लंबरच्या बिलावर ‘गीझरचा इनलेट कनेक्शन पाईप फुटल्याने बदलला’ असं तारखेसह लिहून घ्या. दाव्याच्या अर्जातही जे घडलं तेच नेमकं लिहा. सवयीने ‘लीकेज’ हा शब्द लिहिला जातो आणि कंपनी त्याचा अर्थ जुनी गळती असा लावते.

नुकसान १ लाख रुपयांच्या वर असल्याने परवानाधारक सर्वेअर येणारच. तो कळवल्यापासून २४ तासांत नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि कंपनीने त्यानंतर ७ दिवसांत निर्णय कळवायचा, असं विमा नियामकाच्या २०२४च्या परिपत्रकात आहे. उशीर झाला तर याच मुदती दाखवून ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार करा.

प्र. वरच्यांच्या बाथरूममधून दोन वर्षं ओल येते आहे. भिंतीला खार फुटला आहे, हॉलमधलं शोकेस कुजलं. विमा कंपनीने दावा फेटाळला. हे बरोबर आहे का? (बोरिवली)

दुर्दैवाने बहुतेक वेळा बरोबर ठरतं. पॉलिसीतला धोका फुटणं आणि ओसंडणं एवढाच आहे. थेंबाथेंबाने झिरपणं त्यात बसत नाही. पिवळ्या-तपकिरी कडांची एकात एक वर्तुळं, पांढरा खार आणि बुरशी पाहून ओल किती जुनी आहे ते सर्वेअर ओळखतो. मात्र जुन्या ओलीच्या जागीच पाईप एखाद्या दिवशी खरोखर फुटला, तर त्या दिवशी झालेल्या नव्या नुकसानीचा दावा करता येतो. त्यासाठी जुन्या डागांचे तारखेचे फोटो आधीच काढून ठेवलेले बरे.

तुमचा खर्च आता गळती नक्की कुठून आहे यावर ठरणार आहे. आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, बाहेरच्या सामाईक पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइन आणि पावसामुळे होणारी गळती ही सोसायटीची जबाबदारी आहे. संडास-बाथरूम, सिंक यांची आतली गळती मात्र त्या त्या सभासदाने स्वखर्चाने काढायची असते. म्हणून भांडण सुरू होण्याआधी चाचणी करून घ्या.

ओल फक्त पावसाळ्यात, बाहेरच्या भिंतीला येत असेल तर बाथरूम फोडायची गरज नाही. ती बारा महिने असेल, तर वरच्या बाथरूममधला स्टॉपकॉक रात्रभर बंद ठेवायला सांगा. सकाळपर्यंत ठिबकणं कमी झालं, तर स्टॉपकॉकच्या पुढची कन्सील्ड लाइन गळते आहे. फरक पडला नाही, तर न्हाणीचं तोंड घट्ट बंद करून जमिनीवर दीड-दोन इंच रंगीत पाणी २४ तास साठवा. खाली रंग उतरला तर वॉटरप्रूफिंग गेलं आहे. रंग उतरला नाही, तर न्हाणी उघडून त्यातून रंगीत पाणी सोडा. आता उतरला तर दोष न्हाणी ट्रॅपच्या जॉइंटमध्ये किंवा खालच्या पाईपमध्ये आहे. हा क्रम उलटा केला की दोन्ही कारणं एकमेकांत मिसळतात आणि कारण नसताना अख्खी जमीन फोडली जाते.

एक गोष्ट लोक विसरतात. बाथरूमचा स्लॅब सहसा खोलगट असतो आणि त्यावरच्या ब्रिकबॅट कोब्यात, म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या थरात, पाणी साठून राहतं. गळती बंद झाल्यावरही ते साठलेलं पाणी काही दिवस उतरत राहतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी ‘काम फसलं’ असं म्हणू नका. आणि प्लास्टर पूर्ण सुकेपर्यंत पुट्टी लावू नका. ओल्या भिंतीवरचा रंग पुन्हा फुगतो आणि त्या दुसऱ्या खर्चाची भरपाई कोणीही देत नाही.

चाचणीचा निकाल सेक्रेटरींना लेखी द्या आणि समितीने पाहणी करून वरच्या सभासदाला दुरुस्तीचं पत्र द्यावं अशी मागणी करा. तरीही ते दाद देत नसतील, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०च्या कलम ९१खाली सहकार न्यायालयात जाता येतं. इमारत नवी असेल आणि ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील, तर आधी बिल्डरला लेखी कळवा. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे बांधकामातला दोष ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणं ही त्याची जबाबदारी आहे.

प्र. गळती आमच्या घरातून झाली हे मान्य आहे. खालचे १ लाख ८० हजार मागत आहेत. आमचा घरविमा ते देईल का? (घाटकोपर)

साध्या घरविम्यातून नाही. तो तुमच्या घराचं नुकसान भरून देतो. दुसऱ्याला द्यावी लागणारी भरपाई त्यात धरलेली नसते. ‘पब्लिक लायबिलिटी’ किंवा ‘थर्ड पार्टी लायबिलिटी’ असं वेगळं संरक्षण घेतलं असेल तरच त्याचा उपयोग होतो. ते पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये शोधा. असेल तर कंपनीला विचारल्याशिवाय ‘मी एवढी रक्कम देतो’ असं लिहून देऊ नका, त्यामुळे संरक्षण धोक्यात येतं.

असं संरक्षण नसेल, तर तुमच्यावर जबाबदारी येते का हा प्रश्न उरतो. ती निष्काळजीपणावर ठरते. सहा महिन्यांपूर्वी बसवलेला कनेक्शन पाईप अचानक फुटणं वेगळं आणि खालच्यांनी तीनदा सांगूनही न्हाणी दुरुस्त न करणं वेगळं. मुंबईत वारंवार होणारा तिसरा प्रकार म्हणजे पाणी गेलेलं असताना नळ उघडा ठेवून बाहेर जाणं. तो निष्काळजीपणा नाही, असं पटवून देणं अवघड आहे. रकमेबाबत एवढंच सांगतो की खालच्यांनी दहा वर्षांच्या कपाटासाठी नव्या कपाटाची किंमत मागितली असेल, तर वापराचा घसारा वजा करून बोलणी करा. पण आधी गळती बंद करा, कारण तुम्हाला कळल्यानंतरच्या प्रत्येक दिवसाचं नुकसान तुमच्याच खात्यावर जमा होत असतं.

प्र. वरचे ४० हजार रोख द्यायला तयार आहेत, पण ‘आता काही तक्रार नाही’ असं लिहून मागतात. आमचा विमा दावा चालू आहे. सही करू का? (दादर)

कंपनीला विचारल्याशिवाय सही करू नका. भरपाई दिल्यानंतर, दोषी माणसाकडून ती वसूल करण्याचा तुमचा हक्क कंपनीकडे जातो. त्यासाठी ती तुमच्याकडून हक्क-हस्तांतरणाचं पत्र घेते. तुम्ही आधीच वरच्यांना मोकळं केलंत, तर कंपनीचा हा मार्ग बंद होतो आणि ती तुमचा दावा नाकारू शकते किंवा कमी करू शकते. एकाच गादीचे पैसे दोघांकडून घेता येत नाहीत हेही लक्षात ठेवा. वरच्यांनी दिलेली रक्कम कंपनीला सांगावीच लागते. विम्यात न बसलेल्या खर्चापुरते, उदाहरणार्थ पॉलिसीत तुम्ही सोसायचा ठरलेला वाटा असेल तर त्याचे, पैसे घेणार असाल, तर पावतीवर तेवढ्याच खर्चाचं नाव लिहा आणि कंपनीला ई-मेल करून ठेवा.

प्र. आम्ही लीव्ह अँड लायसन्सवर राहतो. आमचा टीव्ही आणि लॅपटॉप भिजले. घरमालकाच्या विम्यातून मिळेल का? (चेंबूर)

नाही. मालकाच्या पॉलिसीत त्यांची भिंत आणि त्यांनी दिलेलं फर्निचर येतं. तुमच्या वस्तूंसाठी तुमच्या नावाने फक्त सामानाचा विमा घेता येतो, घर स्वतःचं असावं लागत नाही. आता तो नसल्यामुळे, वरच्यांचा निष्काळजीपणा दाखवून त्यांच्याकडेच मागावं लागेल. टीव्ही आणि लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला दाखवून ‘पाण्यामुळे बिघाड’ असा लेखी अहवाल घ्या आणि तोपर्यंत ते चालू करून पाहू नका. ओलसर असताना वीज दिली की सुधारता येणारं सर्किटही जळून जातं.