कुत्र्याला जर्मनीला नेताना लसीच्या पुस्तकातल्या नोंदी फॉर्मवर कशा उतरवायच्या?

प्रश्न: "२५ मे २०२५ ला कुत्र्याला घेऊन पुण्याहून फ्रँकफर्टला जायचंय. पुस्तकाचे फोटो जोडलेत. जर्मन-इंग्रजी फॉर्मवर चिपचा नंबर, लसीच्या तारखा आणि मुदत मी बरोबर लिहिलीय का?"

ताई, मुदतीपासून सुरू करते. 'व्हॅलिड अनटिल'च्या रकान्यात तुम्ही ऑगस्ट २०२६ लिहिलंय, पण ती स्टिकरवरची तारीख बाटलीची आहे, म्हणजे लसीची कुपी कधीपर्यंत वापरायची ती. कुत्र्याला मिळणारं संरक्षण डॉक्टरांनी लस टोचल्याच्या तारखेपासून मोजतात. १० जानेवारी २०२५ ला टोचलेल्या एक वर्षाच्या रेबीज लसीसाठी तिथे ९ जानेवारी २०२६ यायला हवं.

आता खरी अडचण. दुसऱ्या फोटोत चिप बसवल्याची तारीख १९ फेब्रुवारी २०२४ आहे आणि पहिली रेबीज लस त्याच्या आधीची, ५ जानेवारीची. युरोपीय संघ चिपच्या आधी दिलेली लस धरतच नाही, कारण ती याच कुत्र्याला दिली हे सिद्ध करता येत नाही. त्यामुळे तुम्ही ज्याला बूस्टर म्हणताय, ती जानेवारी २०२५ ची लसच त्यांच्या हिशेबी पहिली ठरते.

याचा फटका रक्ततपासणीला बसतो. भारतातून जाणाऱ्या कुत्र्याच्या रक्तात रेबीजविरोधी प्रतिपिंडं मिलीलिटरला किमान ०.५ युनिट असावी लागतात, आणि नमुना लसीनंतर निदान ३० दिवसांनी घ्यावा लागतो. तुमचा नमुना २ फेब्रुवारीचा, म्हणजे २३ व्या दिवशीचा. आकडा कितीही चांगला आला तरी तो चालणार नाही. शिवाय नमुना काढल्यापासून प्रवासापर्यंत तीन महिने जावे लागतात, आणि ते अहवालाच्या तारखेपासून धरत नाहीत. नवा नमुना १० मार्चला काढलात तर १० जूनच्या आधी निघता येणार नाही. तिकीट पुढे ढकला. मला हे लिहितानाही वाईट वाटतंय, पण विमानतळावर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

चिपचा नंबर फोटोवरून उतरवू नका. मी मोजले, तुमच्याकडे १४ अंक आहेत आणि हवेत १५. पुस्तकात शेवटून चौथा अंक ३ आहे की ८, हे शाईमुळे कळत नाही. आमच्या कुत्रीच्या वेळी दवाखान्यात एक अंक चुकला होता आणि रक्ताच्या अहवालावरही तोच चुकीचा नंबर छापून आला. डॉक्टरांकडे जाऊन स्कॅनर फिरवायला सांगा, पडद्यावरचा आकडा डोळ्यांसमोर लिहून घ्या आणि नमुन्याच्या चिठ्ठीवरही तोच घाला.

अंतिम प्रमाणपत्र आत्ता घेऊ नका. सरकारी पशुवैद्यकांची सही झाल्यापासून १० दिवसांत युरोपात पोहोचावं लागतं. १२ जूनला निघणार असाल तर ५-६ जूनला सही घ्या.